चुण्या, सावल्या आणि लाल बुट्टी

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा विचित्र आहे. ड्रेसवरचं छापील डिझाइन फोटोत बदलायचं, आणि नवीन डिझाइन कापडाच्या प्रत्येक चुणीबरोबर वळलं पाहिजे. फोटोशॉप वापरणाऱ्यांना यातली युक्ती ठाऊक असेल : डिस्प्लेसमेंट मॅप. नेटवर याचे शेकडो धडे सापडतात, सगळे साधारण सारखेच. ड्रेसचा फोटो कृष्णधवल करा, थोडा ब्लर करा, सेव्ह करा, फिल्टर चालवा, लेयर मल्टिप्लाय करा, झालं. पण ही युक्ती मुळात चालते का, आणि नेमकी कुठे चालत नाही, हे शोधायला गेलो तर पन्नास-साठ वर्षांचा एक मजेशीर इतिहास हाती लागला. आजचा लेख त्याबद्दल.

सुरुवात 1970 च्या दशकातल्या युटा विद्यापीठापासून करू. कॉम्प्युटर ग्राफिक्समधली अर्धी मोठी नावं त्या काळात तिथेच सापडतात. 1974 मध्ये एड कॅटमल (हो, तोच, पुढे पिक्सारवाला) याने आपल्या प्रबंधात सपाट चित्र वक्र पृष्ठभागावर कसं गुंडाळायचं ते दाखवलं. यालाच आपण टेक्श्चर मॅपिंग म्हणतो. त्यातून चेंडूवर संत्र्याच्या सालीचा फोटो चिकटवता येऊ लागला. पण तो दिसायचा गुळगुळीत चेंडूवर रंगवलेल्या सालीसारखा. खाचखळगे खरे वाटत नसत, कारण उजेड दुसरीकडून आला तरी चित्रातल्या सावल्या जागच्या हलत नसत.

1978 मध्ये जेम्स ब्लिन याने यावर उत्तर काढलं. त्याच्या निबंधाचं नाव मराठीत सांगायचं तर 'सुरकुतलेल्या पृष्ठभागांची नक्कल'. म्हणजे सुरकुत्या हाच मूळ विषय! त्याची कल्पना अशी : डोळ्याला खळगा कळतो तो सावलीवरून. मग पृष्ठभाग प्रत्यक्षात हलवायचाच कशाला? प्रत्येक बिंदूपाशी पृष्ठभागाचं तोंड कोणत्या दिशेला आहे ती दिशा थोडी खोटी सांगायची, म्हणजे प्रकाशाचं गणित आपोआप खळग्यासारखी सावली देईल. हेच बंप मॅपिंग. स्वस्त आणि झकास. पण एक ठिकाण असं होतं जिथे चोरी उघडी पडायची, ते म्हणजे कडा. संत्र्याची साल मध्यभागी खडबडीत, पण बाह्यरेषा मात्र कंपासने काढल्यासारखी गोल.

सहा वर्षांनी, 1984 मध्ये, लुकासफिल्ममधल्या रॉबर्ट कुकने 'शेड ट्रीज' या निबंधात पुढची पायरी मांडली. दिशा खोटी सांगण्याऐवजी बिंदूच खरोखर उचलून हलवायचा. किती हलवायचा ते एका चित्रातून वाचायचं. या चित्राला नाव मिळालं डिस्प्लेसमेंट मॅप. उजळ पिक्सेल म्हणजे जास्त उंची, काळा म्हणजे कमी. आता संत्र्याची कडही खडबडीत झाली.

इथे शब्दाने घर बदललं. नव्वदच्या दशकात फोटोशॉपमध्ये `Filter > Distort > Displace` वापरणाऱ्या लोकांच्या हाती जे आलं त्याचं नाव तेच, नकाशाही तसाच राखाडी, पण काम वेगळं. इथे तिसरी मिती नाहीच. सपाट चित्रातले पिक्सेल सपाटच राहून डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकतात. 2001 मध्ये वेबसाठीच्या एसव्हीजी चित्रांच्या पहिल्या मानकातही हेच आलं, आणि तिथे ते एका ओळीत लिहिलेलं आहे :

```
P'(x,y) <- P( x + scale * (XC(x,y) - .5),
              y + scale * (YC(x,y) - .5) )
```

ही ओळ नीट वाचण्यासारखी आहे. फिल्टर पिक्सेल ढकलत नाही, ओढतो. नवीन चित्रातला प्रत्येक पिक्सेल विचारतो, 'मी माझा रंग कुठून आणू?' नकाशा जिथे मधला राखाडी आहे तिथे उत्तर 'आहेस तिथूनच'. जिथे उजळ आहे तिथे 'थोडा उजवीकडून आणि खालून'. त्यामुळे उजळ भागातलं डिझाइन आपल्याला उलट दिशेला, म्हणजे डावीकडे आणि वर सरकल्यासारखं दिसतं. ढकलण्याऐवजी ओढण्याचा फायदा हा की चित्रात भोकं पडत नाहीत, प्रत्येक पिक्सेलला काही ना काही रंग मिळतोच.

फोटोशॉपचं गणितही साधं आहे. 128 हा राखाडी म्हणजे शून्य सरक. स्केल 100 ठेवलं तर जास्तीत जास्त 128 पिक्सेल सरक, स्केल 10 ठेवलं तर साधारण 13. म्हणजे (राखाडी वजा 128) गुणिले स्केल भागिले 100, इतके पिक्सेल. एवढं पाठ असलं की पुढचं सगळं वहीवर करता येतं.

आता खरी गोम. कुकच्या नकाशात उंची माणसाने जाणूनबुजून रंगवलेली असायची. आपण मात्र ड्रेसचा फोटोच नकाशा म्हणून वापरतो. म्हणजे 'उजेड म्हणजे उंची' असं गृहीत धरतो. हे कोणी ठरवलं?

त्यासाठी थोडं मागे आणि बरंच वर, थेट चंद्रावर जावं लागतं. 1966 मध्ये अमेरिकेतल्या जेट प्रॉपल्शन लॅबमधल्या थॉमस रिंडफ्लाइशने रेंजर यानांच्या फोटोंवरून चंद्राचे चढउतार काढायची पद्धत मांडली. जमीन सूर्याकडे कलली की उजळ, उलट कलली की अंधारी, यावरून उतार मोजायचा. 1970 मध्ये एमआयटीमधल्या बर्थोल्ड हॉर्नने आपल्या प्रबंधात हाच प्रश्न कोणत्याही वस्तूसाठी सोडवायला घेतला आणि 'छायेवरून आकार' ही संगणकीय दृष्टीची एक शाखाच उभी राहिली. ब्लिन आकारावरून सावली काढत होता, हॉर्न सावलीवरून आकार. एकच रस्ता, उलट दिशेने.

पण लक्षात घ्या, बाजूने येणाऱ्या उजेडात सावली सांगते ती उंची नव्हे, उतार. खिडकीशेजारी उभ्या माणसाच्या कुर्त्याकडे बघा. चुणीची खिडकीकडची बाजू उजळ, पलीकडची काळी, आणि चुणीचा माथा या दोन्हींच्या मधल्या छटेचा. उंची मानून वाचलं तर सगळंच चुकतं. उंचीचं गृहीतक जरा बरं लागू पडतं ते ढगाळ उजेडात. लँगर आणि झुकर या दोघांनी 1994 मध्ये 'ढगाळ दिवशी छायेवरून आकार' या अर्थाच्या नावाचा निबंध लिहिला. ढगाळ दिवशी प्रकाश सगळ्या आकाशातून येतो, आणि खोल खाचेतून आकाश कमी दिसतं म्हणून ती काळी. खोल म्हणजे काळं. तेव्हा या युक्तीसाठी फोटो काढायचा असेल तर पावसाळी दुपारची गॅलरी उत्तम. समोरून फ्लॅश मारला तर चुण्याच पुसल्या जातात आणि नकाशात काही उरत नाही.

चंद्राचा आणखी एक फायदा होता. त्याच्यावर वाळवंट असो की डोंगर, एकेका भागातली माती साधारण एकाच छटेची. चंद्रावर बुट्टी छापलेली नाही :) ड्रेसवर आहे, आणि तीच सगळी पंचाईत आहे.

म्हणजे बघा, पांढऱ्या कुर्त्यावर गडद लाल बुट्टी आहे. फोटो कृष्णधवल केला की प्रत्येक बुट्टी हा काळा ठिपका. नकाशाच्या लेखी प्रत्येक ठिपका हा खड्डा. त्यावर नवीन डिझाइन टाकलं की ते चुण्यांबरोबर वळतंच, पण जुन्या बुट्टीच्या जागी बारीक हिसका खातं. पाण्याखाली छापल्यासारखं दिसतं. जुनं डिझाइन भूत होऊन राहतं. नेटवरचे बहुतेक धडे कोरा पांढरा टीशर्ट घेऊन सुरू होतात त्याचं कारण हेच.

योगायोग असा की ब्लिनच्याच वर्षी, 1978 मध्ये, बॅरो आणि टेनेनबाउम यांनी नेमका हा प्रश्न विचारला होता. फोटोतला एक काळा पिक्सेल सावलीमुळे काळा आहे की रंगामुळे? प्रत्येक फोटोचे त्यांनी मनातल्या मनात थर केले : एकात वस्तूचा स्वतःचा रंग, दुसऱ्यात तिच्यावर पडलेला उजेड, शिवाय अंतर आणि दिशा. त्याही आधी, 1971 मध्ये, पोलरॉइडवाले एडविन लँड आणि जॉन मॅककॅन यांनी रेटिनेक्सची कल्पना मांडताना शेजारशेजारच्या भागांच्या प्रकाशाच्या गुणोत्तरावर भर दिला होता. गुणोत्तर, हा शब्द धरून ठेवा.

आता प्रत्यक्ष केस. माझी मामेबहीण ब्लॉक प्रिंटचे कुर्ते विकते. व्याप छोटा. एका कटचे सहा प्रिंट काढायचे तर सहा नमुने शिवायचे, सहा वेळा मॉडेल उभी करायची, ते परवडत नाही. ती म्हणाली, "दादा, एकच शिवलाय, लाल बुट्टीचा. बाकी पाच तू फोटोत करून दे. पण बाईला जे दिसेल तेच घरी आलं पाहिजे हां, नाहीतर परत पाठवणीचा खर्च माझ्या डोक्यावर." या शेवटच्या वाक्यामुळे काम अवघड झालं. छान दिसणं पुरेसं नव्हतं, ते खरंही असायला हवं होतं.

पहिलं काम, भूत उतरवणे. लाल बुट्टीसाठी लाल चॅनेल बघायचा, कारण लाल रंग लाल प्रकाश परत फेकतो. त्या फोटोत कापडाचा रंग साधारण 235, 232, 225 होता आणि बुट्टीचा 190, 40, 45. हिरव्या चॅनेलमध्ये दोघांत 192 चा फरक, लाल चॅनेलमध्ये फक्त 45. भूत बरंच फिकं झालं, पण गेलं नाही. स्केल 10 ला 45 म्हणजे साडेचार पिक्सेलचा हिसका, तो दिसतोच.

इथे गुणोत्तर कामाला येतं. कापडात हिरवा भागिले लाल केलं तर जवळपास 1 येतो, बुट्टीत सुमारे 0.2. आणि गंमत म्हणजे सावलीत गेल्यावर दोन्ही आकडे मिळून उतरतात, त्यामुळे गुणोत्तर साधारण तेच राहतं. चुणीच्या तळाशी असलेली बुट्टीही 0.2 च्या आसपास. म्हणजे 'गुणोत्तर 0.6 पेक्षा कमी तिथे बुट्टी' असा मास्क बनवता येतो, आणि सावली त्याला फसवत नाही. त्या मास्कमध्ये लाल चॅनेलला 235 भागिले 190, म्हणजे 1.24 ने गुणलं की बुट्टी कापडाच्या पातळीला येते आणि तिच्यावरून गेलेली सावली शाबूत राहते. बुट्टीच्या कडेला एखाद-दुसऱ्या पिक्सेलची बारीक रेघ उरते, ती पुढच्या ब्लरमध्ये जाते.

(निळी किंवा काळी बुट्टी असती तर? इंडिगो निळ्या चॅनेलमध्येही बराच गडद असतो, म्हणजे गुणक मोठा लागतो आणि त्याबरोबर फोटोतला दाणाही वाढतो. काळ्या रंगाला तर कुठल्याच चॅनेलमध्ये दया नाही. म्हणून नमुना शिवायला मिळणार असेल तर फिक्या प्रिंटचाच शिवावा.)

या साफ केलेल्या राखाडी चित्राचे दोन उपयोग. एक प्रत जशीच्या तशी ठेवायची, ती म्हणजे कोरा पांढरा कुर्ता. नवीन डिझाइन हिच्यावर मल्टिप्लाय होणार. दुसरी प्रत नकाशासाठी. तिला साधारण 5 पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्यायचा, नाहीतर सुताची वीण आणि कॅमेऱ्याचा दाणा हेही उंचसखल समजून डिझाइनच्या कडा करवतीसारख्या होतात. मग लेव्हल्स वापरून सरासरी 128 वर आणायची. पांढऱ्या कापडाची सरासरी 200 च्या आसपास असते, ती तशीच ठेवली तर स्केल 10 ला सगळं डिझाइनच 7 पिक्सेल तिरकं सरकून बसतं. शेवटी फोटोच्याच मापाची पीएसडी फाइल म्हणून सेव्ह करायची.

स्केल किती? इथे वहीवरचं गणित. त्या फोटोतली एक ठळक चुणी घ्या : 20 पिक्सेलच्या अंतरात राखाडी 60 ने उतरतो. स्केल 10 ला सरक 6 पिक्सेल, म्हणजे 20 पिक्सेलमध्ये डिझाइन 6 ने ताणलं किंवा दाबलं जातं. ठीक आहे. स्केल 50 केलं तर सरक 30 पिक्सेल, पण जागा फक्त 20! ज्या बाजूला ताण येतो तिथे फिल्टर पुढे जाण्याऐवजी मागे जाऊन रंग आणू लागतो, आणि बुट्टीचा एक तुकडा आरशात बघितल्यासारखा उलटा छापला जातो. चुणीच्या काठी जोड-बुट्टी दिसली की समजायचं, स्केल जास्त झालं. शिवाय फोटोतल्या चुण्या उभ्या असल्याने आडवं स्केल 10 आणि उभं 2 ठेवलं. दोन्ही सारखं ठेवलं तर एकाच चॅनेलचा नकाशा सगळं तिरपं ओढतो, आणि कापड तिरपं ओढलं जात नाही.

खरेपणाचा प्रश्न मात्र मापाचा आहे. खांद्यापासून घेरापर्यंत कुर्ता 110 सेंमी, फोटोत तेवढेच 2200 पिक्सेल, म्हणजे 1 सेंमीला 20 पिक्सेल. ठसा 4 सेंमीचा असेल तर बुट्टी 80 पिक्सेलच हवी. 110 ची केली तर फोटो जास्त उठावदार दिसतो (मोह होतो, खरंच), पण घरी पोचलेल्या कुर्त्यावर बुट्टी छोटी निघते. तसंच बाही वेगळी बेतलेली असते, तिच्यावरचं डिझाइन हाताच्या दिशेने जातं. म्हणून पुढचा भाग, दोन्ही बाह्या आणि योक यांचे चार वेगळे लेयर करून, प्रत्येकात डिझाइन कापडाच्या उभ्या धाग्याप्रमाणे फिरवून, मग प्रत्येकावर फिल्टर. शिलाईपाशी डिझाइन तुटलं पाहिजे. खऱ्या कुर्त्यात ते तुटतंच. सलग वाहत गेलं तर शिंपी हसेल.

आता जे जमत नाही त्याबद्दल. चुणीच्या उतारावर कापड आपल्यापासून तिरकं जातं, म्हणून बुट्टी अरुंद दिसते. 60 अंशांचा उतार असेल तर निम्मी. आणि हे चुणीच्या दोन्ही बाजूंना होतं. डिस्प्लेसमेंट मॅप मात्र उजेडाच्या बदलावर चालतो. खाचेत उतरताना उजेड कमी होतो, चढताना वाढतो, म्हणून एका बाजूला बुट्टी दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूला ताणली जाते. खऱ्या सुती कापडात सपाट भागापेक्षा रुंद बुट्टी चुणीत दिसणं जवळपास अशक्य. कॅटलॉगमधला फोटो खरा की चिकटवलेला हे ओळखायचं असेल तर बुट्टीची रुंदी चुणीच्या दोन्ही अंगांना बघा. डोळा हे सहसा माफ करतो, कारण त्याला एवढंच हवं असतं की जिथे सावली वळते तिथे रेषाही वळावी. ही युक्ती चालते ती डोळ्याच्या या उदारपणावर, भूमितीच्या जोरावर नाही.

2004 मध्ये हुई फँग आणि जॉन हार्ट यांनी 'टेक्श्चरशॉप' नावाच्या कामात यापुढची पायरी गाठली. उजेडाला उंची न मानता त्यांनी त्यातून पृष्ठभागाची दिशा अंदाजली आणि त्या दिशेप्रमाणे दाबलेले नक्षीचे छोटे तुकडे एकमेकांत बेमालूम मिसळले. त्याने दोन्ही अंगांना दाबलं जाण्याचा प्रश्न बराच सुटला. पण एक प्रश्न त्यांच्याही आवाक्याबाहेरचा राहतो, कारण त्याचं उत्तर फोटोत नसतंच. साडीच्या निऱ्या आठवा. एका निरीची कड संपते आणि दुसरी सुरू होते, मधलं कापड आत दडलेलं. किती दडलंय ते निऱ्या घालणारीलाच माहीत. तिथे डिझाइनने उडी मारली पाहिजे आणि सलग नकाशाला उडी मारता येत नाही. तो कडेवर डिझाइन खेचून चिकटासारखं ताणतो. उपाय एकच, प्रत्येक निरीचा वेगळा मास्क आणि प्रत्येकात डिझाइन वेगळ्या ठिकाणाहून सुरू. हल्ली क्लोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रेस आधी सपाट तुकड्यांत बेततात आणि मग शिवून अंगावर टाकतात. तिथे कापडाचा कुठला बिंदू कुठे गेला हे आधीपासून ठाऊक असल्याने ही अडचणच येत नाही. पण ते डिजिटल कापड, मामेबहिणीचा कुर्ता नव्हे.

त्या पाचपैकी चार प्रिंट बुट्टीचे होते, ते झाले. बुट्टी सुटी सुटी असते, दोन-तीन पिक्सेल इकडेतिकडे झाले तर कोणाला कळत नाही. पाचवा उभ्या पट्ट्यांचा. पट्टी म्हणजे जणू कापडावर आखलेली फूटपट्टीच. दाबणं-ताणणं, घेराच्या चुणीतली चुकलेली उडी, सगळं तिच्यात वाचता येतं. तीन संध्याकाळी घालवल्यावर फोटो तिला दाखवला, तिने घेराकडे दोन सेकंद बघितलं आणि म्हणाली, "दादा, हा शिवूनच घेते." शिवला, गॅलरीत ढगाळ दुपारी फोटो काढला, आणि तोच कॅटलॉगमध्ये लागला.